पुस्तकाच्या रूपातली शिक्षा

आज माझ्या भाच्याचा नववा वाढदिवस झाला. त्याला पाच पुस्तके भेट मिळाली आणि त्यांपैकी तीन थोर पुरुषांची जाडजूड चरित्रे होती, बारीक टायपातली आणि चित्रांविना. "आता तरी मोबाइल सोडून वाचायला लाग," असे देणाऱ्या काकांनी सर्वांदेखत सुनावले. याला भेट म्हणायचे की शिक्षा?

अर्थात मला चिडण्याचा फारसा अधिकार नाही. गेल्या वर्षी मीच त्याला माझ्या लहानपणीचे लाडके, अडीचशे पानांचे पुस्तक दिले होते. दिवाळीत गेले, तेव्हा ते कॅरम बोर्डाच्या एका कोपऱ्याखाली टेकू म्हणून लावलेले सापडले. मी त्याला जवळ बसवून त्यातले एक पान मोठ्याने वाचायला सांगितले. पहिल्या दहा ओळींत तो सहा वेळा अडला, सगळ्या वेळा जोडाक्षरांवर, आणि नंतर तर पहिले अक्षर पाहून उरलेला शब्द अंदाजाने ठोकून देऊ लागला. तेच पान मी वाचून दाखवल्यावर मात्र त्याला सगळे कळले, इतकेच नव्हे, तर "मावशी, पुढे काय झालं?" असे त्याने विचारले.

त्या प्रश्नाने माझा राग उतरला. इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या या मुलाला गोष्ट नऊ वर्षांच्या मुलासारखी समजते, पण मराठी वाचता येते ते सात वर्षांच्या मुलाइतके. सोपे पुस्तक मागितले की दुकानदार ससा-कासव पुढे करतो, आणि त्यात मुलाला आपला अपमान वाटतो. त्याला हवा असतो स्वतःच्या वयाचा विषय आणि त्याच्या जिभेला झेपेल असा मजकूर. पुस्तकाच्या पाठीवर छापलेली वाचनपातळी उपयोगाची असते, हे मान्य. पण ती मजकुराबद्दल सांगते, मुलाच्या आवडीबद्दल नाही.

म्हणून या वेळी मी त्यालाच दुकानात नेले. मधलेच एखादे पान उघडून वाचायला लावायचे, तो अडला की एक बोट मुडपायचे आणि पाचही बोटे मिटली की पुस्तक गुपचूप परत ठेवायचे, एवढाच माझा नियम होता. आजीचे कुलूप खोलून पाहणाऱ्या या मुलाने अखेर चोरीच्या तपासाची एक चाळीस पानी गोष्ट निवडली. तिच्यात ठळक टाइप होता, भरपूर संवाद होते आणि प्रकरणे तीन-तीन पानांची, म्हणजे एका बैठकीत एक संपते आणि संपवल्याचा रुबाबही मिरवता येतो.

"आम्ही त्याच्या वयात चरित्रे वाचत होतो," असे काका आज म्हणाले. वाचत असतील, तेव्हा घरात दुसरे होते काय?

पाहुणे जेवत असताना भाचा पलंगाखाली पालथा पडून चोर शोधत होता. चरित्रे अजून रंगीत कागदातच आहेत, आणि कॅरम बोर्डाचे तीन कोपरे रिकामे आहेत.