तक्रार मागे घेतली त्याबद्दल आभार, पण तेवढं "तीन महिने" जरा समजून घ्या

"जुलैत बेडरूमचं छत गळतं म्हणून मी एकच स्टार दिला होता. आता मालकांनी गच्चीचं काम, आतलं प्लास्टर, कलर सगळं पूर्ण करून दिलंय. गच्चीवर पाणी भरून टेस्ट माझ्यासमोर केली, खाली कुठंच ओल नाही. डिपॉझिटमधून काही कापणार नाही असं लेखी दिलं. म्हणून आधीची तक्रार मागे घेते. काम व्हायला तीन महिने लागले, पण झालं. मालकांचे आभार. – भाडेकरू, जळगाव"

ताई नमस्कार, तुम्ही आठवणीनं परत येऊन लिहिलं त्याबद्दल खरंच आभारी आहे. कानबाईच्या रोटांना घरात पाहुणे आणि वरून पाणी टपकतंय, तो त्रास झालाच, त्यासाठी मनापासून सॉरी.

पण "तीन महिने लागले" हे वाचून वाईट वाटलं ताई. वाचणाऱ्याला वाटेल मालक झोपला होता. तुमचा फोन आला त्याच दिवशी वायरमन बोलावून बेडरूमच्या पंख्याची लाइन बंद केली होती, कारण पाणी पंख्याच्या हुकापाशी टपकत होतं, म्हणजे ते स्लॅबमधल्या वायरच्या पाइपातून येत होतं आणि त्यात करंट उतरला असता तर काय झालं असतं. गच्चीवर ताडपत्री पण त्याच आठवड्यात टाकली.

आधी प्लंबर म्हणाला वरच्या टाकीचा पाइप फुटलाय. मी म्हटलं थांब, पाइप फुटला असता तर ओल बाराही महिने सारखी राहिली असती, इथं पाऊस पडला की टपकतं आणि उघडीप पडली की दोन-तीन दिवसांत थांबतं, म्हणजे पाणी गच्चीचंच. मिस्तरीनं पॅरापेटच्या कडेचा कोबा ठोकून पाहिला तर पोकळ आवाज आला, आणि भिंत जिथं गच्चीला टेकते तिथला वाटा, म्हणजे कोपऱ्यातली सिमेंटची गोलाई, लांबपर्यंत सुटलेली. आपल्याकडं उन्हाळ्यात पारा 45 च्या पुढं जातो, स्लॅब तापून पसरतो, रात्री आखडतो, विटांची भिंत काही त्याच्याइतकी हलत नाही, म्हणून सांधा तिथंच उघडतो. पाणी तिथून कोब्याखाली शिरतं आणि ढाळ मिळेल तिकडं जातं, त्यामुळं टपकतं एकीकडं आणि भेग असते दुसरीकडं. तुमच्या पंख्याच्या बरोबर वर गच्चीला काहीच झालेलं नव्हतं.

आता हे काम भर पावसात का नाही केलं? शेजारचे तुम्हाला म्हणाले की केमिकल मारायला एक दिवस पुरतो. मारता आलं असतं हो, पण कोब्याच्या पोटात पाणी असताना वरून कोटिंग मारलं की ऊन पडल्यावर आतली वाफ त्याला फुगवते, पापुद्रा निघतो आणि पुढच्या पावसाळ्यात तेच रडगाणं. माझे पैसे वाया आणि तुम्हाला दुसऱ्यांदा त्रास. म्हणून ऑक्टोबरात पाऊस गेल्यावर, गच्ची कोरडी ठणठणीत झाल्यावर पोकळ कोबा फोडला, नवा भरला, वाटा नव्यानं मारला, त्याला आठवडाभर पाणी मारलं, ते वाळल्यावर जाळी टाकून कोटिंगचे दोन हात दिले. मग पन्हाळाच्या तोंडाला बोळा लावून 48 तास पाणी साठवलं, ते तुम्ही स्वतः पाहिलं. आतलं प्लास्टर वाळायच्या आत पुट्टी लावली असती तर कलर फुगला असता, तिथंही थोडे दिवस गेलेच.

डिपॉझिटचं म्हणाल तर गच्चीची गळती हा मालकाचाच खर्च, त्यात उपकार नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 14 मध्ये लिहिलंय की घर राहण्यासारखं दुरुस्त ठेवणं मालकाचं काम, आणि भाडेकरूनं किमान 15 दिवसांची लेखी नोटीस देऊनही त्यानं केलं नाही तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून कापू शकतो, वर्षाच्या भाड्याच्या पाव हिश्शापर्यंत. तुम्ही नोटीस दिली नव्हती, नुसता फोन केला होता, तरी मी हललो ना?

तुमचा तो एक स्टार वाचून वरच्या दोन खोल्या पाहायला आलेली मंडळी "तुमच्याकडं गळतं ना" विचारून परत गेली. रिटायर झाल्यावर ह्या भाड्यावरच आमचं घर चालतं, म्हणून एवढं लांबलचक लिहिलं, राग मानू नका. जमलं तर "तीन महिने" च्या पुढं "पावसामुळं" एवढा एक शब्द टाका. आणि हो, इथून पुढं पावसाळ्याच्या आधी मिस्तरीला गच्ची दाखवून घेत जाईन. बेडरूमच्या पंख्याची लाइन परत चालू केलीय, बटण एकदा लावून बघा, काही वाटलं तर मला डायरेक्ट फोन करा.