पुस्तकांचे कपाट भिंतीला बांधण्याविषयी : एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया : «ताई, लेख वाचला, पण पटला नाही. आमचं पुस्तकांचं सहा फुटी कपाट चांगल्या जाड लाकडाचं आहे, काठोकाठ भरलेलं. दोन माणसांनाही हलत नाही, ते पोरांनी काय पडणार? पुढच्या पायांखाली पाचर मारली की झालं. आणि मंगळवार पेठेतल्या आमच्या जुन्या घराला भोकं पाडली की गिलाव्याचे पोपडेच हातात येतात.»

आपल्या आक्षेपातील गिलाव्याचा मुद्दा अगदी खरा आहे, आणि त्याचे उत्तर मूळ लेखात द्यायला हवे होते, म्हणून त्यावर पुढे सविस्तर लिहिते. वजनाविषयी मात्र मला आपल्याशी सहमत होता येत नाही.

दोन माणसांना जे हलत नाही ते जमिनीवरून सरकत नाही, एवढेच त्यातून सिद्ध होते. कपाट पुढे कलंडणे ही वेगळी गोष्ट आहे. सहा फूट, म्हणजे 180 सेंमी उंच आणि एक फूट, म्हणजे 30 सेंमी खोल असे कपाट पुस्तकांसह 120 किलोचे आहे असे समजू. त्याचा भार पुढच्या कडेपासून 15 सेंमी मागे असतो, म्हणून वरच्या फळीला धरून आडवे ओढल्यास 120 गुणिले 15 भागिले 180, म्हणजे फक्त 10 किलोइतका जोर त्याला मागच्या पायांवरून उचलायला पुरतो. त्यात 20 किलोचे मूल खालच्या फळीवर चढून अंग मागे टाकत असेल आणि त्याचा भार कडेच्या 25 सेंमी बाहेर असेल, तर उरलेले काम 7 किलोच्या हिसक्यात होते. दिवाळीच्या साफसफाईत पुस्तके खाली काढली आणि 40 किलोचे रिकामे कपाट उभे राहिले, तर तेच मूल जवळजवळ एकटेच ते कलंडवू शकते. वरचे टोक साधारण 30 सेंमी पुढे आले की कपाट पुन्हा मागे जात नाही, आणि मग आपण ज्या वजनावर विसंबलो ते वजनच मुलाच्या अंगावर येते.

पाचरीचा उपयोग आहे, पण थोडा. पुढच्या पायांखाली 1 सेंमीची पाचर घातल्यास भार सुमारे 3 सेंमी मागे जातो आणि वरचे 10 किलो 12 होतात. पाचर जरूर ठेवावी, परंतु भिंतीला बांधण्याऐवजी नव्हे.

आता भिंतीकडे वळू. पोपडे निघतात याचा अर्थ स्क्रू गिलाव्यातच अडकला होता, त्यामागच्या विटेपर्यंत किंवा दगडापर्यंत पोहोचलाच नव्हता. गिलावा एक इंच जाड असेल, तर 50 मिमी लांबीचा प्लग त्याच्या पलीकडे पूर्ण गेला पाहिजे, म्हणून 8 मिमीचे भोक साधारण साडेआठ सेंमी खोल आणि स्क्रू 5 मिमी जाड व किमान 75 मिमी लांब लागतो. ड्रिल आत जाताना पडणारी भुकटी पाहावी: आधी करडी किंवा पांढरी येते, ती गिलाव्याची, मग लाल आली की वीट लागली. तपकिरी, मऊ माती येऊ लागली आणि ड्रिल जोर न लावता आत शिरले, तर आपण दोन दगडांच्या मधल्या मातीच्या सांध्यात आहोत. तेथे प्लग कधीच धरणार नाही, भोक काही इंच सरकवून दगडात घ्यावे. काळ्या दगडात ड्रिल हळू जाते, मोठा आवाज करते, आणि तेच तर आपल्याला हवे असते.

दगड-मातीच्या भिंतीत खात्रीची जागा मिळत नसेल, तर जुन्या घराच्या लाकडी खांबांचा उपयोग करावा. कपाटाच्या मागे दोन खांब आवाक्यात येत असतील, तर त्यांवर दोन इंच रुंद, एक इंच जाड अशी आडवी लाकडी पट्टी कपाटाच्या माथ्याच्या उंचीला पक्की करावी आणि कपाट त्या पट्टीला जोडावे. खांबाला वाळवी नाही ना, हे आधी टोकदार वस्तूने टोचून पाहावे.

कपाटाच्या बाजूने माथ्यावर दोन्ही टोकांना एल आकाराच्या लोखंडी पट्ट्या लावाव्यात. त्यांचे स्क्रू वरच्या जाड फळीत जावेत, पाठीच्या पातळ प्लायमध्ये नव्हे, कारण ती ओढताच फाटते. खाली स्कर्टिंगमुळे कपाट भिंतीपासून अंतरावर राहत असेल, तर वरच्या फटीत त्याच जाडीची लाकडी पट्टी भरावी, म्हणजे जोड सैल राहणार नाही. विजेच्या बटणांच्या बोर्डाच्या सरळ वर किंवा खाली भोक पाडू नये, तेथे वायरीची नळी असू शकते.

काम झाल्यावर कपाटाच्या वरच्या कोपऱ्याला हात घालून हिसका द्यावा. भिंत आणि कपाट यांमधील फट उघडली किंवा भोकाजवळून भुकटी गळाली, तर प्लग सुटला आहे; स्क्रू काढून जागा बदलावी. पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीला हीच तपासणी पावसानंतर पुन्हा करावी.