माझ्या चार ओळी कुणी खाल्ल्या?

डोकं फिरलंय आज. ऑफिसचा जुना लॅपटॉप गेल्या आठवड्यात मेला, आणि आयटीवाल्या पोराने नवा आणून दिला. म्हणाला, "मॅडम, स्क्रीन सेमच आहे, 14 इंच, फुल एचडी."

सेम? अरे बाबा, 14 इंच म्हणजे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत! तिरकं माप! उंची किती ते सांग ना!

घरी जाऊन शिवणाची टेप लावली. जुना पडदा सोळा-दहाचा, म्हणजे रुंदी सोळा भाग तर उंची दहा, 1920 × 1200 पिक्सेल, उंची 18.8 सेंटीमीटर. नवा सोळा-नऊचा, 1920 × 1080, उंची 17.4. रुंदीला जेमतेम एक सेंटीमीटर जास्त, उंचीला दीड कमी. तिरकं माप तेच, पण क्षेत्रफळ पाच टक्क्यांनी घटलं. नावाला 14 इंच दोन्ही.

आता म्हणाल, दीड सेंटीमीटरने काय आभाळ कोसळतं? ऐका. एवढ्या लहान पडद्यावर विंडोज स्वतःहून 150 टक्के स्केलिंग लावतं, सगळं दीडपट मोठं दाखवतं. म्हणजे कामापुरती उंची जुन्यावर 800 पिक्सेल आणि नव्यावर 720 उरते. त्यातून खालचा टास्कबार, एक्सेलची ती जाडजूड रिबन, फॉर्म्युला बार, A B C ची पट्टी, शीटचे टॅब आणि स्टेटस बार वजा करा. ही सगळी मंडळी तीनशेच्या वर जागा खातात, आणि पडदा बुटका झाला म्हणून त्यातलं कुणीही पोट आत घेत नाही! कात्री लागते ती फक्त माझ्या आकड्यांना. एक्सेलची ओळ 20 ची. जुन्यावर 24 ओळी दिसायच्या, नव्यावर 20 दिसतात. पडद्याची पिक्सेलमधली उंची दहा टक्के कमी, पण माझं काम सतरा टक्के कमी दिसतंय. हा हिशेब खोक्यावर कुणी छापत नाही.

आणि या चार ओळींवरच माझा महिनाअखेर उभा आहे. बारा शाखांचं शीट, प्रत्येक शाखेच्या एकोणीस नोंदी आणि खाली बेरीज. वर मथळ्याच्या तीन ओळी फ्रीझ केलेल्या. म्हणजे 23 ओळी लागतात. जुन्यावर अख्खी शाखा, बेरजेसकट, एका नजरेत यायची. आता बेरीज बरोब्बर तीन ओळी खाली लपते. उतरा खाली, बेरीज बघा, तोवर वरच्या नोंदी गायब. चढा वर. असं बारा वेळा. काल या चढउतारात एका शाखेची बेरीज दुसरीच्या खात्यात टाकली आणि ती सापडायला रात्रीचे साडेआठ वाजले.

Ctrl+F1 दाबून रिबन लपवते मी, मला शिकवू नका. पण दर दोन मिनिटांनी फिल्टर नाहीतर फॉरमॅट लागतं, की ती परत उघडायची. "स्केलिंग 125 करा की!" केलं. ओळी वाढल्या, अक्षरं एक षष्ठांशाने बारीक झाली. माझा चष्मा कंपनी बदलून देणार आहे का?

याच हिशेबासाठी पायथनच्या दोन स्क्रिप्ट मी लिहिल्यात. व्हीएस कोडमध्ये खाली टर्मिनल उघडलं की वर कोडच्या 17-18 ओळी उरतात. एरर खाली, आणि ज्या फंक्शनमध्ये ती आली त्याचं `def` पडद्याच्या वर उडालेलं. टर्मिनल उजवीकडे सरकवता येतं, ते केलं, तर एररच्या लांबलचक ओळी मोडून चिंध्या होतात. वाचनाचं तर बोलूच नका. ए-फोरचं पान उभं, हा पडदा आडवा. अख्खं पान बसवलं की अक्षरं मुंगीएवढी, आणि दोन्ही बाजूंना करडं माळरान.

हे खूळ आणलं कुणी? लॅपटॉप पूर्वी बहुतेक सोळा-दहाच असायचे. 2008 ते 2010 च्या सुमारास पॅनेलवाल्यांनी टीव्हीच्या मापाला माप जुळवलं, कारण त्यात त्यांचं भागतं. सिनेमाला सोळा-नऊ उत्तम, मान्य. 27 इंची मोठ्या मॉनिटरवर दोन खिडक्या शेजारी लावायच्या तरीही चालेल, तिथे उंची मुळातच भरपूर असते. पण 14 इंची लॅपटॉपवर? मी ऑफिसात सिनेमे बघते का?

विकत घेणाऱ्यांनो, इंच बघू नका, दुसरा आकडा बघा. 1200 हवा, 1080 नको. जाहिरातीत `WUXGA` लिहिलेलं असतं तो उंच पडदा, `FHD` लिहिलेला हा बुटका.

आयटीकडे तिकीट टाकलं होतं, मापांसकट. आज उत्तर आलं: "स्क्रीन तपासली, कोणताही दोष आढळला नाही." आणि तिकीट बंद.