माझे तीन वाढदिवस आणि हिचा आठ

माझ्या मेव्हणीने, म्हणजे शुभाने, दोन शनिवार-रविवारचा ऑनलाइन अंकशास्त्राचा वर्ग केला आणि पहिला हात साफ करायला आमचं लग्न निवडलं. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली आहेत, आता जुळतंय की नाही हे बघून कुणाचं भलं होणार, असं मी म्हणून पाहिलं. पण शुभाने वही उघडली होती. वर्ग झाल्यापासून ती सहीत इंग्रजी ए एक जास्त लावते, त्यामुळे तिच्याशी वाद घालताना माणूस आधीच अर्धा हरलेला असतो.

"भावोजी, जन्मतारीख सांगा."

इतका सोपा प्रश्न, पण माझ्यापुरता तो तेवढा सोपा नाही. म्हणून मी म्हटलं, आधी ताईची घे.

हिचा जन्म पुण्यात, दवाखान्यात, २३ सप्टेंबर १९७४ला. महापालिकेचा दाखला आहे. शुभाने सगळे आकडे एका ओळीत मांडले: दोन, तीन, नऊ, एक, नऊ, सात, चार. बेरीज पस्तीस. तीन आणि पाच आठ. "ताईचा भाग्यांक आठ. शनि." ती हे अशा आवाजात म्हणाली की आतून हिने विचारलं, "काय झालं?"

इथे एक सांगितलं पाहिजे, कारण मी स्वतः तासभर घोटाळ्यात होतो. नुसत्या तारखेची बेरीज केली तर येतो तो मूलांक. हिचा तेवीस, म्हणजे पाच. तारीख, महिना, साल सगळं मिळवलं की येतो भाग्यांक. इंग्रजीत ज्याला लाइफ पाथ नंबर म्हणतात तो हाच. जोडप्याचं जुळवताना शुभाच्या वर्गात भाग्यांक धरतात. शेजारच्या इमारतीतल्या एक बाई मूलांक धरतात. दोघी एकमेकींना अर्धवट समजतात.

मग माझी पाळी आली. माझा शाळेचा दाखला सांगतो १ जून १९६९. ही तारीख ऐकून महाराष्ट्रातला कुठलाही जुना माणूस हसतो. जून १९७५मध्ये वडिलांनी मला हाताला धरून शाळेत नेलं, तेव्हा गुरुजींनी विचारलं, "सहा पूर्ण झालीत का?" वडील म्हणाले, "झाली असतील." गुरुजींनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि सहा वर्षं बरोबर एक जूनला पूर्ण करून टाकली. आमच्या कार्यालयात एक जूनला सात जणांचे वाढदिवस असतात. केक एकच आणतो, त्यावर नाव घालत नाही. गुरुजींच्या या उदारपणामुळे मी निवृत्तही आठ महिने आधी होणार आहे. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला सरकारी माणूस आदल्या महिन्याच्या अखेरीस घरी जातो, म्हणजे मी ३१ मे २०२७ला.

"खरी तारीख सांगा," शुभा म्हणाली. "दाखल्यावरच्या तारखेला ग्रह विचारत नाहीत."

आई म्हणते ४ जानेवारी १९७०. शुभाने मांडलं: चार, एक, एक, नऊ, सात, शून्य. बेरीज झाली बावीस, आणि तिचा हात थांबला. "भावोजी! बावीस हा मास्टर नंबर आहे. अकरा, बावीस, तेहेतीस यांची पुढे बेरीज करायची नसते. तुम्ही मोठं काहीतरी उभं करणारे आहात."

मी बाल्कनीतल्या पत्र्याकडे पाहिलं. तो मी गेल्या पावसाळ्यात उभा केला होता, आणि तो गळतो. तरी जरा ताठ बसलो. आतून ही म्हणाली, "दुसऱ्या पद्धतीने करून बघ." ही बँकेत असते. बेरीज दोन बाजूंनी केल्याशिवाय तिला अन्न गोड लागत नाही.

दुसरी पद्धत अशी, की तारीख, महिना आणि साल आधी वेगवेगळे एका अंकावर आणायचे आणि मग मिळवायचे. चारचे चार. एकचा एक. १९७०ची बेरीज सतरा, म्हणजे आठ. चार, एक आणि आठ तेरा. एक आणि तीन चार. बावीस वाटेत कुठेही लागला नाही. पाच मिनिटांपूर्वी उभारणी करणारा मी आता साधा चार झालो होतो, राहूच्या ताब्यातला. आणि दोन्ही पद्धती वर्गात शिकवल्या होत्या.

मी रात्री हे कागदावर पुन्हा करून पाहिलं. यात गूढ काही नाही. अंकांची बेरीज करत एका अंकावर येणं म्हणजे त्या संख्येला नवाने भागून बाकी काढणं, एवढंच. बाकी शून्य आली तर नऊ म्हणायचं. म्हणून कुठल्याही वाटेने गेलात तरी शेवटचा अंक तोच येतो. एसटी दोन रस्त्यांनी जाते, गाव तेच. फरक एवढाच, की एका रस्त्यावर बावीस नावाचा थांबा लागतो आणि दुसऱ्यावर लागत नाही. थांब्यावर उतरलात तर मास्टर, नाहीतर चार.

आता जुळणी. शुभाच्या वहीत नऊ बाय नऊचा तक्ता होता, हिरवे, पिवळे आणि लाल चौकोन. चार आणि आठचा चौकोन इतका लाल होता की स्केचपेनने कागद फाटला होता. "राहू आणि शनि," ती हळू आवाजात म्हणाली. "हे दोघं एकत्र आले की अडथळे, विलंब, कोर्टकचेरी." सत्तावीस वर्षांत आम्ही कोर्टात एकदाच गेलो होतो, भाडेकराराच्या स्टॅम्पपेपरसाठी, आणि तिथेही विलंब झाला होता हे मला मान्य करावं लागलं.

या लाल रंगाचा माग मी काढला. तो बहुतेक आला कीरोकडून. कीरो म्हणजे आयर्लंडचा विल्यम जॉन वॉर्नर. मोठमोठ्यांचे हात बघून त्याने नाव कमावलं, आणि अंकांवरही लिहिलं. चार आणि आठ या जोडीबद्दल तो फार सावध होता. गंमत अशी, की तो चाराला युरेनस आणि साताला नेपच्यून देतो. आपल्याकडे येताना त्या जागी राहू आणि केतू बसले. आणि तो मुख्यतः जन्माची नुसती तारीख धरतो. म्हणजे ज्या अंकाबद्दल त्याने घाबरवलं तो मूलांक, आणि शुभाने फाडला तो भाग्यांकाचा चौकोन.

त्याहून मोठी गंमत भाचीने केली. ती शेजारी मोबाइलवर बसली होती. म्हणाली, "मावशी, इथे तर चार आणि आठ एकदम मस्त दाखवतंय." पाश्चात्त्यांच्या, पायथागोरसच्या नावावर खपणाऱ्या तक्त्यात अंकांचे तीन गट असतात: एक-पाच-सात, दोन-चार-आठ आणि तीन-सहा-नऊ. एका गटातले एकमेकांचे नैसर्गिक जोडीदार. चार मेहनत करणार, आठ व्यवहार सांभाळणार, दोघांचे पाय जमिनीवर. म्हणजे तेच मी, तीच ही, तीच बेरीज. एका वहीत कोर्टकचेरी आणि एका पडद्यावर आदर्श संसार. शुभा म्हणाली, "ते परदेशातलं आहे, तिकडची माणसं वेगळी." मी म्हटलं, तारीखही तिकडचीच आहे की. माझा जन्म शके १८९१चा. ते आकडे घेतले तर वेगळंच काही निघेल. पोप ग्रेगरीने १५८२मध्ये कॅलेंडर दुरुस्त केलं आणि त्यावर माझा राहू ठरतो. शुभाने वही मिटली, पण बोट पानात ठेवून.

तेवढ्यात हिला आठवलं. "अहो, तुमचा जन्म रात्रीचा ना? बाराच्या आधी की नंतर?"

गावाला आईला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"रविवारची रात्र," आई म्हणाली. "चारच तारीख."

"आई, किती वाजता पण?" शुभाने विचारलं.

"अगं, घड्याळ कुणाकडं होतं? वस्तीची गाडी आलेली. डायवर-कंडक्टर जेवून देवळात झोपलेले. मग सुईण आली."

"आणि गाडी सकाळी गेली तेव्हा?"

"तवा हा रडतच होता. तिथनंच लावलंय त्यानं."

म्हणजे रात्री नऊ ते पहाटे पाच. आईच्या हिशेबात सूर्य उगवेपर्यंत रविवारच, आणि पंचांगही तेच म्हणतं. अंकशास्त्राचा दिवस मात्र मध्यरात्री बदलतो. शुभाने नवीन पान घेतलं. पाच जानेवारी: पाच, एक, एक, नऊ, सात, शून्य. तेवीस. पाच! मग तिला काय सुचलं कोण जाणे, तिने गुरुजींची एक जून १९६९सुद्धा करून पाहिली. बत्तीस. तीन आणि दोन पाच!

"बघितलंत?" ती उभीच राहिली. "गुरुजींनी अंदाजाने लिहिलं तरी तुमचाच अंक आला. अंक स्वतःचं माणूस शोधतात."

अंक नऊच आहेत, त्यामुळे कुठल्याही दोन तारखा नवात एकदा जुळतातच, हे मी सांगायला गेलो. पण पाच म्हणजे बुध, बुधाचं सगळ्यांशी जमतं, पाच-आठचा चौकोन फिका हिरवा आहे, आणि शुभाला चहा घ्यायचा होता. भाची मोबाइलमधून हळूच म्हणाली, "इथे पाच एका गटात आणि आठ दुसऱ्या गटात आहे." तिला दोन बिस्किटं देऊन गप्प केलं.

रात्री दिवे मालवल्यावर मला वाटलं प्रकरण मिटलं. ही छताकडे बघत होती.

"अहो, आपली पत्रिका जुळवली होती ना बाबांनी, अठ्ठ्याण्णव साली? छत्तीसपैकी सव्वीस गुण आले होते."

"हो."

"तुमच्या पत्रिकेत वेळ होती. मला आठवतंय. रात्री अकरा पंचावन्न."

"असेल."

"घड्याळ कुणाकडंच नव्हतं, मग अकरा पंचावन्न कुणी बघितले?"

जोशीबुवांनी वडिलांना विचारलं होतं की वेळ किती धरू. वडील म्हणाले होते, "जमेल ती धरा." हे मी घरात कधीच बोललो नव्हतो.

"बोला ना. मग माझे सव्वीस गुण जुळले ते कुणाशी?"

मी घोरायला सुरुवात केली.