‘आईच कुरकुर करते’ या प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया (एक बाबा, बाणेर): “ताई, जगभर झोपेसाठी १८ अंश सांगतात आणि तुम्ही एसी २६ वर लावा म्हणताय. वीजबिल वाचवायचं असेल तर तसं लिहा, शास्त्र म्हणून विकू नका. आमचा दहा महिन्यांचा मुलगा २० वर शांत झोपतो, आईच कुरकुर करते, पण म्हाताऱ्या माणसांना थंडी वाजतेच. आणि पुण्यात रात्री गारवा असतो हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे.”

उत्तर:

नमस्कार. उत्तराला चार दिवस लागले, कारण पहिल्याच रात्री लिहिलं असतं तर ते इथे ठेवण्याजोगं झालं नसतं. ‘विकू नका’ हा शब्द मला लागला. सात वर्षं इथे लिहितेय. एसीवाल्याचा, पंखेवाल्याचा, गादीवाल्याचा, कुणाचाही एक रुपया घेतलेला नाही आणि त्या लेखात वीजबिलाबद्दल एक ओळही नाही. पुन्हा वाचून बघा. स्टार लेबलचा नवा एसी चालू केला की तो २४ वर येतो, तो नियम सरकारने १ जानेवारी २०२० पासून विजेच्या बचतीसाठीच आणला. माझ्या २६ चा त्याच्याशी संबंध नाही. “हे तुम्ही कशावरून म्हणता?” एवढं विचारलं असतंत तरी सगळं सांगितलं असतं. आधी हेतूवर शंका आणि मग प्रश्न, हा क्रम मला पटत नाही.

एक चूक मात्र मान्य करते. ‘पुण्यातल्या रात्री उकाड्याच्या असतात’ असं मी मोघम लिहिलं. मे महिन्यातही पहाटे बाहेर पारा २३-२४ पर्यंत उतरतो, गच्चीवर झोपणाऱ्याला चादर लागते, हे खरंच आहे. ‘वरच्या मजल्यावरच्या खोल्या’ असं लिहायला हवं होतं. दिवसभर तापलेला स्लॅब सूर्य मावळल्यावर ती धग आत सोडत राहतो, आमच्याकडे रात्री अकराला स्टुलावर उभं राहून छताला हात लावला तरी ते कोमट लागतं. लेखात दुरुस्ती केली आहे. शेंबड्या पोराची भाषा मात्र यापुढे इथे नको.

१८ अंशांबद्दल थोडक्यात. हा आकडा थंड देशांतल्या, जाड रजईत झोपणाऱ्या माणसांचा आहे. रजईच्या आत, अंगालगतची हवा ३२-३३ अंशांच्या आसपासच असते. म्हणजे शरीर १८ मध्ये झोपतच नाही, फक्त नाक १८ मध्ये असतं. आपण सुती चादर ओढून झोपतो, तिला तो आकडा कसा लागू होईल? आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या घरांविषयीच्या २०१८ च्या मार्गदर्शिकेतही १८ हा आकडा आहे, पण तो थंडीच्या दिवसांत घर याच्या खाली जाऊ देऊ नका म्हणून. १८ वर आणा म्हणून नव्हे.

आता तुमचं ते वाक्य. मुलगा शांत झोपतो, आईच कुरकुर करते. मी चौदा वर्षं नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात सिस्टर होते आणि घरी सासूबाईंना शेवटची नऊ वर्षं सांभाळलं. या दोन्ही टोकांच्या माणसांच्या उशाशी मी रात्री काढल्या आहेत, म्हणून हे वाक्य नुसतं वाचून सोडून देता आलं नाही.

तीन वर्षांपूर्वीचा मे महिना. लेक नऊ महिन्यांच्या नातीला घेऊन माहेरी आली होती. एसी एकाच खोलीत, म्हणून आम्ही चौघी तिथेच झोपायचो: सासूबाई (तेव्हा ७९), लेक, नात आणि मी. नातीच्या मानेला घामोळं आलेलं, म्हणून लेकीने एसी २० वर ठेवला. आणि २० आहे म्हणून बाळाला लांब बाह्यांचं झबलं, त्यावर स्वेटर, पायात मोजे, डोक्याला कुंची, वरून दुपटं. दुसऱ्या रात्री दोनच्या सुमाराला मला जाग आली. नातीच्या मानेमागे हात घातला तर केस घामाने चिकट झालेले. तोच हात पुढे करून सासूबाईंच्या पायाला लावला, तर शालीच्या आतही पाऊल बर्फासारखं. एकच खोली, एकच मिनिट. आणि बाळ शांत झोपलेलं, अगदी तुमच्या मुलासारखंच.

बाळाची शांत झोप हा पुरावा नाही. फार उबेत असलेलं बाळ सुस्तावतं, त्याला जाग यायला वेळ लागतो, आणि वर्षाच्या आतल्या बाळांमध्ये झोपेत अचानक होणाऱ्या मृत्यूंशी जास्त उबेचा संबंध आढळला आहे. म्हणून झोपवताना टोपी-कुंची नको आणि वर्षाच्या आत सुटं पांघरूण नको. बाळाच्या शरीराचा पृष्ठभाग वजनाच्या मानाने मोठा असतो, त्यामुळे ते चटकन गारठतं आणि कोंडलं तर चटकन तापतं. बहुतेक आयाबाबा हातपाय चाचपून बघतात आणि ते गार लागले की आणखी एक कपडा चढवतात. हातपाय थोडे गार असणं बाळांमध्ये नेहमीचंच आहे. बघायचं ते मानेमागे किंवा छातीवर. तिथे कोरडं आणि कोमट लागलं की ठीक. ओलसर, तापलेलं लागलं की एक थर काढायचा. छातीच गार लागली तर एक थर वाढवायचा. कमी दिवसांचं किंवा कमी वजनाचं बाळ असेल तर हा हिशोब चालत नाही, तिथे तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेलंच पाळायचं.

तुमचा मुलगा २० वर काय घालून झोपतो ते तुम्ही लिहिलंच नाहीत. ते कळल्याशिवाय २० बरोबर की चूक हे मीच काय, कुणीही सांगू शकणार नाही.

आता आई. ‘म्हाताऱ्या माणसांना थंडी वाजतेच’ म्हणून तुम्ही विषय संपवलात, मला तिथेच खरा राग आला. वय वाढलं की शरीर उष्णता कमी तयार करतं, कातडीकडचं रक्त आवरून ऊब आत राखण्याची ताकद कमी होते आणि गारठ्याची जाणीवही बोथट होते. म्हणजे कुरकुर करणारी आई अजून नीट सांगू शकतेय, हे चांगलं लक्षण आहे. सासूबाई तर बोलायच्याही नाहीत. पणतीला घामोळं आलंय, मी कशाला मध्ये बोलू, असं त्यांचं. त्या नुसत्या उठायच्या. गार खोलीत हातापायांकडच्या रक्तवाहिन्या आवळतात, रक्त मध्यभागाकडे जास्त जातं, रक्तदाब चढतो आणि मूत्रपिंडं जास्त लघवी तयार करतात. त्या रात्री सासूबाई चार वेळा बाथरूमला गेल्या. ७९ व्या वर्षी, अंधारात, झोपेतून उठून, गार फरशीवरून चार फेऱ्या. पडल्या असत्या तर दोष कुणाचा?

तिसऱ्या रात्री त्या उठून बाहेरच्या खोलीत गेल्या, एसी नसलेल्या. तिथे रात्री अकराला ३१ होतं. सकाळी पलंगावरून उठताना त्यांना चक्कर आली. रक्तदाबासाठी पाण्याची, म्हणजे लघवी वाढवणारी गोळी चालू होती. या वयात घाम कमी येतो, म्हणून अंग नीट निवत नाही, आणि तहानही उशिरा कळते. म्हणजे ‘म्हाताऱ्यांना एसी नकोच’ हेही तितकंच चुकीचं. बॉस्टनमध्ये घरीच राहणाऱ्या ५० वृद्धांच्या जवळपास ११ हजार रात्री मोजून २०२३ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात २० ते २५ अंशांत झोप सर्वांत चांगली दिसली, आणि खोली २५ वरून ३० वर गेली की झोपेची कार्यक्षमता, म्हणजे अंथरुणातल्या वेळातला प्रत्यक्ष झोपेचा वाटा, ५ ते १० टक्क्यांनी घसरली. माणसामाणसांत फरकही बराच होता. हे सरासरीचं बोलणं आहे, प्रत्येक आईला लागू पडणारं नव्हे.

मग २५ ऐवजी २६ का, हे विचाराल. आपल्याकडे छताला पंखा असतो म्हणून. हळू पंख्याच्या झुळकेने अंगाला दोन-तीन अंश कमी भासतात. शिवाय रिमोटवरचा आकडा म्हणजे उशीजवळचा आकडा नव्हे. एसी मोजतो ती वर छताजवळून त्याच्यात परत जाणारी हवा. आम्ही तीनशे रुपयांचं साधं डिजिटल थर्मामीटर आणून उशीच्या उंचीवर ठेवलं. रिमोटवर २०, तर झोताखालच्या उशीवर पहाटे पाचला १८.५ आणि समोरच्या भिंतीलगत २१.५. सासूबाई झोताखालीच होत्या, कारण ती बाजू बाथरूमजवळ म्हणून आम्हीच तिथे पलंग लावला होता.

मग आम्ही हे केलं. एसी २६, पंखा २ वर, झोताची पट्टी छताकडे. सासूबाईंचा पलंग भिंतीलगत, पायात सैल सुती मोजे, अंगावर शाल, बाथरूमपर्यंत एक छोटा दिवा. मोज्यांना हसू नका. झोप यायची असते तेव्हा शरीर हातापायांच्या कातडीतून उष्णता बाहेर टाकतं आणि आतलं तापमान उतरवतं. पावलं गार असली की तिथल्या वाहिन्या उघडत नाहीत आणि झोप लांबते. नातीला एकच सुती झबलं, कुंची नाही, दुपटं नाही. लेकीला उकडतं, म्हणून ती पंख्याखाली, चादरीशिवाय. खोलीचा आकडा ज्यांना स्वतःचं पांघरूण सांभाळता येत नाही त्यांच्यासाठी ठरवला आणि बाकीच्यांनी कपड्यांनी जुळवून घेतलं. या बदलानंतर तिसऱ्या दिवसापासून सासूबाईंचं उठणं चारवरून दोनवर आलं. नातीचं घामोळं आठवड्यात सुकलं. ही एका घराची गोष्ट आहे, पण त्यातला प्रत्येक आकडा मी स्वतः वहीत लिहिलेला आहे.

पहाटेचं एक सांगायचं राहिलं. शरीराचं आतलं तापमान पहाटे चार-पाचच्या सुमाराला सर्वांत खाली असतं, आणि नेमका तेव्हाच स्लॅबही निवलेला असतो, बाहेरची हवाही गार झालेली असते. रात्री अकराला बरोबर वाटणारी खोली पहाटे गारठते ती त्यामुळे. आम्ही साडेतीनला एसी बंद व्हायचा टायमर लावायचो आणि पंखा एक वर आणायचो.

तुमच्या प्रतिक्रियेतल्या बाकीच्या गोष्टींवर मी वेळ घालवत नाही. आज रात्री दोनला उठा, मुलाच्या मानेमागे हात घाला, मग आईच्या पावलाला लावा, आणि थर्मामीटर दोघांच्या उशीजवळ पाळीपाळीने वीस-वीस मिनिटं ठेवा. मुलाच्या अंगावर किती कपडे होते आणि आई किती वेळा उठल्या, तेही लिहून पाठवा. त्यावर पुढे बोलू.