मलेरिया आणि हुकवर्म एका गोलात बसत नाहीत

"भावांनो, मायक्रोच्या प्रॅक्टिकलला लाइफ सायकल एकच पाठ करा. गोल काढायचा, वर माणूस, खाली दुसरा होस्ट. माणूस नेहमी डेफिनिटिव्ह होस्ट. मलेरियात स्पोरोझॉइट लिहा, हुकवर्ममध्ये अंडं तोंडातून जातं. बाण कसेही चालतात, लेबलं मोजून मार्क देतात."

परीक्षा जवळ आली की हा मेसेज कोल्हापुरातल्या दुसऱ्या वर्षाच्या ग्रुपांवर फिरायला लागतो. मी इथेच प्रॅक्टिकल घेतो, त्यामुळे पुढच्या आठवड्यात जर्नलमध्ये काय उगवणार हे मला आधीच कळतं.

आधी माणसाच्या मानाचं बघू. ज्याच्या शरीरात परजीवीचं लैंगिक प्रजनन होतं तो डेफिनिटिव्ह होस्ट. मलेरियात हे माणसात होतच नाही. आपल्या रक्तात नर आणि मादी गॅमेटोसाइट तयार होतात, पण तिथे त्यांची गाडी थांबते. अ‍ॅनोफिलिसच्या मादीनं रक्त ओढलं की मगच तिच्या पोटात नर गॅमेटोसाइटमधून शेपटीसारखे मायक्रोगॅमीट सुटतात. त्यांचा मादीशी संयोग होऊन झायगोट होतो, तो सरपटणारा ऊकिनेट बनून जठराच्या भिंतीत शिरतो आणि तिथे ऊसिस्टची गाठ होते. रोनाल्ड रॉसनं 20 ऑगस्ट 1897 रोजी सिकंदराबादला डासाच्या जठराच्या भिंतीवर पाहिल्या त्या याच गाठी. ऊसिस्ट फुटला की स्पोरोझॉइट लाळग्रंथीत जाऊन बसतात. म्हणजे मलेरियात डेफिनिटिव्ह होस्ट डास, आणि माणूस इंटरमीडिएट.

जर्नलमध्ये मात्र डास कोपऱ्यात, एक पंख तुटलेला, आणि पुढे "चावतो" असा एक बाण. अहो, अर्धं चक्र त्याच्या अंगात आहे! पानाच्या मधोमध आडवी रेघ मारा. वर डास, खाली माणूस. रेघ ओलांडणारे बाण दोनच: डासाकडून माणसाकडे स्पोरोझॉइट आणि माणसाकडून डासाकडे गॅमेटोसाइट. माणसाला संसर्ग करणारी अवस्था कोणती आणि डासाला करणारी कोणती, या दोन्ही प्रश्नांची उत्तरं त्या दोन बाणांवरच वाचता येतात.

बाण कसेही चालतात, ही त्या मेसेजमधली सगळ्यात महागात पडणारी ओळ. रेघेखालच्या अर्ध्या भागात दोन टप्पे येतात. पहिला यकृतातला. टोचलेले स्पोरोझॉइट साधारण तासाभरात यकृताच्या पेशींत शिरतात, तिथे आठवडाभर वाढतात आणि मेरोझॉइट होऊन रक्तात उतरतात. दुसरा टप्पा तांबड्या पेशींतला: रिंग, ट्रोफोझॉइट, शायझॉन्ट, पेशी फुटून पुन्हा मेरोझॉइट, आणि ते नव्या तांबड्या पेशीत. व्हायवॅक्स आणि फॅल्सिपॅरम दोन्हींत ही फेरी 48 तासांची. काही मेरोझॉइट फेरीतून बाजूला होऊन गॅमेटोसाइट बनतात, तिथून बाण रेघेवरच्या डासाकडे जातो.

आता चूक कुठे होते? गोल पूर्ण करायच्या नादात बरेचजण तांबड्या पेशीतून सुटलेल्या मेरोझॉइटपासून यकृताकडे परत बाण नेतात. आकृती छान भरलेली दिसते. मग मी त्याच बाणावर पेन ठेवून विचारतो: एका पेशंटला दुसऱ्याचं रक्त चढवलं, त्यातून त्याला व्हायवॅक्स मलेरिया झाला. उपचारानंतर काही महिन्यांनी तो यकृतातून पुन्हा उलटेल का? प्रायमाक्वीन द्यायचं का?

काढलेल्या बाणाप्रमाणे उत्तर येतं "हो", आणि ते चूक आहे. बाटलीतून आले ते रक्तातले परजीवी, स्पोरोझॉइट नव्हेत. रक्तातला मेरोझॉइट यकृतात परत जात नाही, त्यामुळे तिथे झोपून राहणारे हिप्नोझॉइट तयारच होत नाहीत. रक्तातले परजीवी मारणारं औषध पुरतं. हिप्नोझॉइटसाठी द्यायचं प्रायमाक्वीन इथे कशासाठी? हाच पेशंट डास चावून आजारी पडला असता तर उत्तर उलटं. फॅल्सिपॅरमला मुळात हिप्नोझॉइटच नसतात, म्हणून त्याच्या आकृतीत यकृताशेजारी ते लेबल लावलं तर तेही चूक.

लेबलं मोजण्याबद्दल एवढंच, की लेबलाखाली जागा लिहिलेली नसेल तर माझ्या टेबलावर ते अर्धंच. फॅल्सिपॅरमचा शायझॉन्ट तांबड्या पेशीत काढलात, बरोबर. पण त्या पेशी आतल्या अवयवांच्या बारीक रक्तवाहिन्यांना चिकटून राहतात, म्हणून बोटातून घेतलेल्या रक्ताच्या स्लाइडवर बहुतेक वेळा फक्त रिंग आणि केळ्याच्या आकाराचे गॅमेटोसाइट दिसतात. "सर, शायझॉन्ट सापडत नाही" म्हणून स्लाइड सरकवत बसणाऱ्यांसाठी हे.

हुकवर्मला तर दुसरा होस्टच नाही. माणूस हाच एकमेव आणि डेफिनिटिव्ह होस्ट, आणि आकृतीच्या उरलेल्या अर्ध्या भागात माती. तिथे डुक्कर, गोगलगाय, मासा काहीही काढू नका. मी तिन्ही पाहिलेत. शौचातून अंडं बाहेर पडतं. सावलीची, ओलसर, उबदार जमीन मिळाली, म्हणजे समजा उसाच्या फडाच्या कडेची, तर एक-दोन दिवसांत रॅब्डिटिफॉर्म अळी निघते. ती दोनदा कात टाकते आणि पाच ते दहा दिवसांत फिलॅरिफॉर्म होते. संसर्ग करते ती ही, आणि तिची वाट अनवाणी पायाच्या कातडीतून. पुढे शिरेतून हृदयाची उजवी बाजू, फुप्फुसं, श्वासनलिका, घशात आली की गिळली जाते आणि लहान आतड्यात प्रौढ होते. फुप्फुसाचा हा वळसा गाळून पायातून थेट आतड्यात बाण मारणारे दर बॅचला निघतात.

अंडं तोंडातून जातं ते राउंडवर्मचं. हुकवर्मचं ताजं अंडं पोटात गेलं तरी आजार होत नाही, कारण मातीतले ते दिवस त्याला टाळता येत नाहीत. अँकायलोस्टोमाची फिलॅरिफॉर्म अळी भाजीबरोबर तोंडातून जाऊन संसर्ग करू शकते, पण ती अळी आहे, अंडं नव्हे. कातडीची वाट सापडली ती कैरोत. लूस नावाच्या संशोधकाच्या हातावर अळ्यांचं पाणी सांडलं, जागा लाल होऊन चुरचुरली, आणि पुढे त्याच्याच शौचात हुकवर्मची अंडी मिळाली. पेशंटला स्वतःच्याच आतड्यातून पुन्हा संसर्ग का होत नाही, हा व्हायव्हातला आवडता प्रश्नही मातीतल्या त्या दिवसांमुळेच सुटतो.

अंड्याची आकृती काढताना तपकिरी पेन्सिल खाली ठेवा. तपकिरी, पित्तानं रंगलेलं असतं ते राउंडवर्मचं. हुकवर्मचं रंगहीन, लांबट गोल, सुमारे 60 बाय 40 मायक्रॉन, पातळ कवचाचं. आत बहुतेक चार पेशी, आणि पेशी व कवच यांच्यामध्ये मोकळी जागा. ती मोकळी जागा दाखवली नाही तर आकृतीत ओळखण्याजोगं फार काही उरत नाही.

आणि स्लाइडवर अंड्याऐवजी अळीच दिसली तर? ताज्या नमुन्यात असेल तर संशय स्ट्राँगिलॉइडिसचा, कारण त्याची अंडी आतड्यातच फुटतात. पण डबी कोल्हापुरातल्या मे महिन्यात रात्रभर टेबलावर राहिली असेल तर हुकवर्मची अंडीही फुटलेली असू शकतात. मग अळीचं तोंड बघायचं: तोंडाची पोकळी लांब असेल तर हुकवर्म, आखूड असेल तर स्ट्राँगिलॉइडिस. म्हणून अळी दिसल्याबरोबर नाव सांगू नका, आधी नमुना किती वाजता आला ते विचारा.