एचयूआयडी बघा, पण डागिन्याशी जुळवून बघा

परवा मावसबहिणीबरोबर बांगड्या घ्यायला सराफाकडे गेले होते. काउंटरवरचा मुलगा दर दोन वाक्यांनंतर म्हणत होता, "ताई, नऊशे सोळा केडीएम आहे, डोळे मिटून घ्या." मला हे ऐकलं की चीड येते. केडीएम म्हणजे कॅडमियम मिसळलेलं डाख. डागिन्याचे सांधे कशाने जोडले, एवढंच त्यातून कळतं. शुद्धतेची ती हमी नाही. शिवाय कॅडमियमचा धूर कारागिराच्या फुफ्फुसांना घातक. तरीही हा शब्द अजून शिक्क्यासारखा वापरला जातो.

कॅरटचं गणित सोपं आहे. २४ भागांपैकी २२ भाग सोनं म्हणजे २२ कॅरट, हजारात ९१६. उरलेलं तांबं, चांदी वगैरे. १८ कॅरट म्हणजे ७५०, १४ कॅरट म्हणजे ५८५. १८ कॅरट घेणं म्हणजे फसवणूक नव्हे, हिऱ्याच्या अंगठीला ते जास्त बळकट पडतं. फसवणूक तेव्हा, जेव्हा दर २२ चा लावून माल १८ चा देतात.

१ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या नव्या डागिन्यावर तीन खुणा असतात: बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं त्रिकोणी चिन्ह, शुद्धता (उदाहरणार्थ 22K916) आणि एचयूआयडी, म्हणजे त्या नगाचा सहा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक. खुणा इतक्या बारीक असतात की भिंगाशिवाय दिसत नाहीत. दुकानात दहापट भिंग ठेवणं बंधनकारक आहे, बिनधास्त मागा.

बहुतेक लोक इथेच थांबतात. शिक्का दिसला, झालं. पण लेझरने सहा अक्षरं कोणीही कोरू शकतो. म्हणून फोनवर BIS Care ॲप उघडून Verify HUID मध्ये तो क्रमांक टाकायचा. डागिना कोणत्या प्रकारचा, शुद्धता किती, कोणत्या सराफाने तपासायला दिला, कोणत्या केंद्रात हॉलमार्क झाला, हे सगळं समोर येतं. आता ते हातातल्या वस्तूशी जुळवा. ॲप अंगठी म्हणत असेल आणि हातात बांगडी असेल, तर क्रमांक खरा असूनही तो दुसऱ्याच डागिन्याचा उचललेला आहे. प्रत्येक नगाचा क्रमांक वेगळा असतो, म्हणून जोडीतल्या दोन्ही बांगड्या तपासायच्या. आम्ही पैसे देण्याआधी दोन्ही तपासल्या. मुलगा जरा वैतागला, पण मालक स्वतः भिंग घेऊन आले.

हॉलमार्कच्याही मर्यादा आहेत. दोन ग्रॅमपेक्षा हलक्या वस्तू, कुंदन, पोलकी, जडाऊ यांना सूट आहे. तिथे शिक्का नसणं हा गुन्हा नाही. लाख भरलेल्या किंवा खड्यांच्या डागिन्यात निव्वळ सोनं किती, हे शिक्का सांगत नाही. ते बिलावर बघायचं: निव्वळ वजन, कॅरट, घडणावळ आणि हॉलमार्किंगचं शुल्क वेगवेगळं लिहिलेलं हवं. शुल्क नगामागे ४५ रुपये अधिक जीएसटी आहे, त्याच्या नावाखाली शेकडो रुपये लावले तर विचारा.

घरचे उपाय? चुंबक लावून लोखंड तेवढं पकडता येतं. तांबं, चांदी, पितळ यांना चुंबक ओढत नाही. पाण्यात बुडतंय म्हणून सोनं, हे तर निव्वळ थट्टा, पितळही बुडतं. दुकानातलं एक्स-रे मशीन पटकन आकडा दाखवतं, पण ते फक्त पृष्ठभाग वाचतं. जाड मुलामा असेल तर आकडा छान येतो. खरं उत्तर मुशीत मिळतं: नमुना शिशाबरोबर तापवून हीण धातू काढतात, मग नायट्रिक ॲसिडने चांदी वेगळी करतात आणि उरलेलं सोनं तोलतात. त्यासाठी थोडं सोनं खरवडावं लागतं.

आजीच्या पाटल्या मोडायच्या असतील तर आधी स्वतः बीआयएस मान्यताप्राप्त तपासणी केंद्रात न्या. चार नगांपर्यंत २०० रुपये अधिक कर, आणि लेखी अहवाल मिळतो. मग सराफाने "यात घट जास्त आहे" म्हटलं की अहवाल पुढे करता येतो.

हॉलमार्कच्या डागिन्यात शुद्धता कमी निघाली तर भरपाईचा नियमच आहे. समजा २० ग्रॅमच्या बांगड्या ९१६ म्हणून घेतल्या आणि तपासणीत ८७५ निघाल्या. हजारात ४१ ची तूट, म्हणजे ०.८२ ग्रॅम शुद्ध सोनं कमी. सराफाने त्याच्या दुप्पट, म्हणजे १.६४ ग्रॅमची किंमत आणि तपासणीचं शुल्क द्यायचं असतं. बिल नसेल तर मात्र हे मागणं अवघड होतं, म्हणून "बिल नको, जीएसटी वाचेल" या ऑफरला मी सरळ नाही म्हणते.